पाळी, अंगावर जाणं आणि मधलं डाग लागणं: एकच का वेगवेगळं?

"आमच्या कोल्हापूरकडं पाळी सोडून मधेच थोडं रक्त दिसलं की बायका 'अंगावर जातंय' म्हणतात. मैत्रीण म्हणते हे बीज सुटतानाचे डाग, घाबरू नको. डॉक्टरनी स्पॉटिंग लिहिलं. तिन्ही एकच का? आणि मराठीत नेमकं काय म्हणावं?"

तिन्ही एक नव्हेत ताई. 'अंगावर जाणं' ही लै मोठी पिशवी आहे, त्यात पांढरं जाणं येतं, लाल जाणं येतं, जास्त जाणारी पाळी पण येते. मी बायकांच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काम केलंय, तिथं कागल-गडहिंग्लजकडनं आलेली एखादी म्हातारी "अंगावर जातंय" म्हणाली की पहिला प्रश्न ठरलेला, मावशी पांढरं का लाल? स्पॉटिंगला आपला साधा शब्द आहे 'डाग लागणं', म्हणजे चड्डीवर ठिपका दिसतो, पुसताना कागदावर गुलाबी येतं, पण पॅड भरत नाही. हे शब्द नुसतं काय दिसलं ते सांगतात, कशामुळं ते सांगत नाहीत. 'बीज सुटतानाचे डाग' म्हटलं की मात्र तुम्ही कारणच सांगून टाकलं, म्हणून तो शब्द जरा जपून वापरायचा.

ते कारण खरं असतं का? असतं, पण थोड्याच बायकांना असे डाग दिसतात. बीज तयार होताना इस्ट्रोजेन वाढत जातं आणि त्याच्या जोरावर गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होतं. बीज सुटायच्या सुमाराला हे इस्ट्रोजेन एकदम खाली येतं, आणि अस्तराला धरून ठेवणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, अजून नीट वाढलेलं नसतं. त्या मधल्या एक-दोन दिवसांत अस्तराचा आधार थोडा सुटतो आणि किंचित रक्त येतं. पुष्कळ जणींना वाटतं की बीज फुटलं त्याचंच रक्त खाली आलं, तसं नाही, तिथलं रक्त आलंच तर पोटाच्या आत पडतं. त्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखा, बोटांत ताणला तरी तुटत नाही असा चिकट स्राव असतो, कुणाला एका बाजूला ओटीपोटात कळ येते, आणि त्या स्रावात मिसळलेलं गुलाबी किंवा तपकिरी काहीतरी दिसतं. एक दिवस, फार तर दोन-तीन. गाठी नाहीत, वास नाही, ताप नाही.

आता ओळखायचं कसं, तर इथं सगळेजण चुकीच्या टोकाकडनं मोजतात. "पाळीनंतर चौदाव्या दिवशी" हे वाक्य अठ्ठावीस दिवसांचं चक्र असलेल्या बाईलाच लागू. बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला असतो, साधारण 12 ते 14 दिवस, एखाद-दोन दिवस इकडंतिकडं. पाळी ते बीज हा पहिला टप्पाच लांबतो नाहीतर आखडतो. म्हणून मोजायचं ते पुढच्या पाळीपासनं मागं.

समजा एखादीला 3 जूनला पाळी आली आणि 20-21 जूनला डाग दिसले. पुढनं मोजलं तर हा अठरावा-एकोणिसावा दिवस, ती घाबरली. पण पुढची पाळी आली 5 जुलैला, म्हणजे चक्र 32 दिवसांचं, आणि मागं मोजलं तर डाग पाळीच्या 14-15 दिवस आधीचे. जुळलं. मग 20 जुलैला परत ठिपका दिसला, पुढनं मोजलं तर सोळावा दिवस, आणि पाळी आली 3 ऑगस्टला, मागनं मोजलं की 14 दिवस, परत जुळलं. असं दोन-तीन महिने मागनं तेच अंतर येत असेल आणि बाकी काही त्रास नसेल तर बीजाचे डाग असायची शक्यता बरीच. ऑगस्टात मात्र तिला 12 तारखेला डाग लागला, परत 17 ला लागला, दोन्ही वेळा संबंधानंतर, आणि पाळी आली 2 सप्टेंबरला. 12 तारीख पाळीच्या तब्बल 21 दिवस आधी, 17 तारीख 16 दिवस आधी, त्यातली दुसरी ओढूनताणून बसवता येईलही, पण संबंधानंतर रक्त हीच खूण वेगळी आहे. असं रक्त बहुतेक वेळा गर्भाशयाच्या तोंडाकडनं येतं, तिथं सूज असते, छोटा कोंब म्हणजे पॉलिप असतो, आणि क्वचित कॅन्सरची सुरुवात पण असते, म्हणून आतनं तपासून पॅप टेस्ट करून घ्यायला लागते. तारीख जुळली म्हणून हे सोडून द्यायचं नाही.

ह्या हिशोबाची एक अडचण आहे, पुढची पाळी आल्याशिवाय उत्तर मिळत नाही. आणि गोळ्या चालू असतील तर हिशोबच बसत नाही. नवरात्रात अंबाबाईला जायचं म्हणून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आपल्याकडं सर्रास घेतात, त्यातली एखादी विसरली की मधेच डाग लागतो, आणि गोळ्या थांबवल्या की दोन-चार दिवसांत जे येतं ते गोळी सुटल्याचं रक्त, त्यावरनं मागं मोजून काही कळत नाही. कुटुंब नियोजनाच्या रोजच्या गोळ्या चालू असतील तर बीज बहुतेक सुटतच नाही, मग त्या डागांना बीजाचे म्हणायचं कसं? बहात्तर तासांची गोळी घेतल्यावर पण असंच डाग आणि पाळी मागंपुढं.

कळेबद्दल थोडं सांगते, कारण इथं फसायला होतं. बीजाची कळ एका बाजूला असते, तशीच नळीत राहिलेल्या गरोदरपणाची पण एका बाजूलाच असते. बीजाची कळ काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत आपोआप जाते. पाळी चुकलीय, त्यात डाग लागतायत आणि एका बाजूचं दुखणं वाढत चाललंय, चक्कर येतेय, खांद्यात दुखतंय, तर थांबायचंच नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. दिवस राहायची शक्यता असेल तर डाग कुठलाही असो, आधी मेडिकलमधनं कार्ड आणून लघवी तपासा.

आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर आलेला एक ठिपका सुद्धा बीजाचा नसतो, तिथं बीजच उरलेलं नसतं. आमच्याकडं म्हाताऱ्या बायका "परत पाळी आली गं" म्हणून हसण्यावारी नेतात, तो शब्दच तिथं चुकीचा. ते रक्त लगेच दाखवायचं.

डॉक्टरकडं गेलात तर "अंगावर जातंय" किंवा "स्पॉटिंग होतंय" एवढ्यावर थांबू नका, असं सांगा: "मागची पाळी अमुक तारखेला, डाग अमुक तारखांना, गुलाबी का तपकिरी, पॅड लागलं का नाही, संबंधानंतर आला का आपोआप, कुठल्या गोळ्या चालू आहेत." ह्यात बीजाचे म्हणायचं का नाही ते त्यांना ठरवू दे.