सिरिंजवरची रेघ म्हणजे युनिट नव्हे

प्रश्न: वडिलांना आजवर बाटलीतले इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने देत होतो. आता दुकानात बाटली नाही, त्याच नावाची पेनची रिफिल मिळाली आहे, पण आमच्याकडे पेन नाही. सिरिंजने तेवढेच युनिट ओढून दिले तर चालेल का? लेबलवर नेमके काय पाहायचे?

उत्तर:

चालणार नाही. कृपया आज रात्रीची मात्रा त्या रिफिलमधून त्या सिरिंजने देऊ नका. मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते आणि तुमच्यासारखाच प्रसंग माझ्या माहेरी घडला आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, अनेक वर्षे 30/70 मिश्र इन्सुलिन घेत असत. सकाळी 24 युनिट आणि रात्री 16 युनिट अशी त्यांची मात्रा होती. 10 मिलीची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज घरात सर्वांच्या सवयीची झाली होती. एकदा तालुक्याच्या दुकानात बाटली संपलेली होती. दुकानदाराने त्याच कंपनीची, त्याच नावाची 3 मिलीची रिफिल काढून दिली आणि सांगितले की औषध तेच आहे, सिरिंजने ओढून द्या. दादाने रात्री नेहमीप्रमाणे 16 च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढले आणि टोचले. अण्णा नेहमीसारखे जेवले आणि झोपले. पहाटेपूर्वी आईला जाग आली तेव्हा त्यांचा सदरा घामाने चिंब भिजला होता, ते असंबद्ध बोलत होते आणि आईला ओळखत नव्हते. ग्लुकोमीटरवर 34 आकडा आला. त्यांना गिळता येत होते म्हणून वहिनीने साखरेचे पाणी पाजले आणि लगेच रुग्णालयात नेले. तेथे शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते शुद्धीवर आले, परंतु दोन-तीन तासांनी साखर पुन्हा उतरली आणि ग्लुकोज दुसऱ्या दिवसापर्यंत चालू ठेवावे लागले.

मी पोहोचले तेव्हा घरात एकच स्पष्टीकरण ठरून गेले होते: अण्णा रात्री कमी जेवले असणार. दादा शपथेवर सांगत होता की त्याने 16 च दिले. तो खोटे बोलत नव्हता, त्याने ओढले ते 16 च्या रेघेपर्यंतच. मी आईला ती रिफिल आणायला सांगितली. तिच्या लेबलवर बारीक अक्षरांत 100 आययू प्रति मिली, म्हणजे एका मिलीत 100 युनिट, असे छापलेले होते. जुन्या रिकाम्या बाटलीवर त्याच जागी 40 आययू प्रति मिली असे होते. रिफिलमध्ये उरलेले इन्सुलिन मी सिरिंजने मोजून पाहिले, तेव्हा ते सुमारे 2.6 मिली भरले, म्हणजे रात्री साधारण 0.4 मिली गेले होते. 100 च्या औषधातले 16 युनिट 0.16 मिलीतच मावतात. 0.4 मिलीत 40 युनिट असतात. अण्णांना एका रात्रीत जवळपास पूर्ण दिवसाची मात्रा गेली होती. सकाळी दादाने सवयीने 24 च्या रेघेपर्यंत ओढले असते, तर 60 युनिट गेले असते.

हे कसे होते ते नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी सुशिक्षित माणसेही फसतात. सिरिंज इन्सुलिन मोजत नाही, ती फक्त द्रवाचे आकारमान मोजते. लाल टोपीची सिरिंज 40 च्या औषधासाठी आखलेली असते, म्हणून तिच्या 1 मिलीवर 40 रेघा असतात आणि प्रत्येक रेघ 40 च्या बाटलीसाठीच एक युनिट ठरते. नारिंगी टोपीच्या सिरिंजवर त्याच 1 मिलीचे 100 भाग केलेले असतात आणि ती 100 च्या औषधासाठी असते. 100 चे औषध लाल टोपीच्या सिरिंजने दिले की प्रत्येक मात्रा अडीचपट होते. उलट 40 ची बाटली आणि नारिंगी सिरिंज अशी जोडी झाली, तर 20 च्या रेघेवर फक्त 8 युनिट जातात आणि साखर काही दिवस हळूहळू चढत राहते. परदेशातून येणारे नातेवाईक प्रेमाने सिरिंजची खोकी आणतात, तेव्हा हा उलटा प्रकार घडू शकतो, कारण अनेक देशांत बाटलीतले औषध 100 चेच असते. ब्रिटनने 1983 मध्ये सगळे इन्सुलिन 100 वर आणले ते याच गोंधळातून सुटण्यासाठी. आपल्याकडे 40 ची बाटली आणि 100 ची रिफिल शेजारी शेजारी विकली जाते.

रिफिलचा लहान आकार आणखी एक फसवणूक करतो. 10 मिलीच्या बाटलीत 40 प्रति मिलीने 400 युनिट असतात, तर बोटाएवढ्या 3 मिलीच्या रिफिलमध्ये 100 प्रति मिलीने 300. पाहणाऱ्याला मात्र वाटते की ही तर बाटलीची धाकटी बहीण, हिच्यात औषध थोडेच असणार. दादालाही तसेच वाटले होते.

लेबलवर पाहायच्या गोष्टी तीन आहेत. पहिली म्हणजे औषधाचे पूर्ण नाव, त्याच्या शेवटच्या अक्षरासकट किंवा आकड्यासकट. आर म्हणजे जेवणाआधीचे लवकर काम करणारे, एन म्हणजे मध्यम काळ चालणारे आणि 30/70 म्हणजे या दोन्हींचे मिश्रण. हा 30/70 चा आकडा मिश्रणाचे प्रमाण सांगतो, तीव्रता नव्हे, आणि मोठ्या अक्षरांत छापलेला असल्यामुळे लोक तोच वाचून थांबतात. दुसरी गोष्ट म्हणजे आययू प्रति मिली या शब्दांच्या अलीकडचा आकडा, म्हणजेच तीव्रता. तिसरी म्हणजे ते औषध ज्या साधनाने द्यायचे ते साधन. 40 च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, 100 च्या बाटलीला नारिंगी टोपीची, आणि रिफिलला फक्त तिच्यासाठी बनवलेले पेन. पेनची चकती 16 वर फिरवली की ते 100 च्या औषधाचे 0.16 मिलीच बाहेर ढकलते, म्हणून पेन असताना तुम्हाला कोणताही गुणाकार-भागाकार करावा लागत नाही.

द्रवाच्या रंगावर मात्र विसंबू नका. एन आणि 30/70 गढूळ असतात, आर स्वच्छ असते, इथपर्यंत ठीक आहे. परंतु दिवसभर चालणारे ग्लार्जिनही पाण्यासारखे स्वच्छ असते आणि जेवणाआधीचे अस्पार्ट किंवा लिस्प्रोही तसेच असते. दोन्ही पेने घरात असतील, तर रात्रीच्या पेनऐवजी जेवणाचे पेन उचलले जाण्याचा धोका फार मोठा असतो. ग्लार्जिन 100 आणि 300 अशा दोन तीव्रतांमध्ये मिळते. 300 च्या पेनची चकतीही युनिटच दाखवते, त्यामुळे पेनने देताना गणित करायचे नसते. पण तेच औषध कोणी लाल टोपीच्या सिरिंजने ओढले, तर मात्रा साडेसातपट होईल. म्हणूनच त्या पेनसोबतच्या माहितीपत्रकात सिरिंजने औषध काढू नये असे स्पष्ट लिहिलेले असते.

कोणी तुम्हाला सांगेल की गणित करा, 16 ला अडीचने भागा, म्हणजे लाल सिरिंजवर साडेसहाच्या आसपास येते. दादाही पुढे हेच म्हणू लागला, की आता आम्हाला समजले, आम्ही भागून देऊ. माझे त्याच्याशी याच मुद्द्यावर अजूनही पटत नाही. आज तो भागेल, उद्या तो गावाला गेल्यावर वहिनी देईल, परवा आई चष्म्याशिवाय देईल, आणि ते गणित ज्याच्या डोक्यात आहे तो माणूस त्या वेळी घरात नसेल. शिवाय त्या सिरिंजवर साडेसहाची रेघच नसते. आणि अण्णा कमी जेवले असतील, हे वाक्य तो आजही नातेवाइकांना ऐकवतो, त्याचा मला खरोखर त्रास होतो. जेवण थोडे कमी पडले म्हणून साखर उतरू शकते हे खरे आहे, पण ग्लुकोज दिल्यानंतरही ती पुन्हा पुन्हा उतरत राहते तेव्हा शरीरात इन्सुलिन किती गेले आहे हेच आधी पाहायला हवे. दोष जेवणावर टाकला की रिफिल फ्रिजमध्ये तशीच राहते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा वापरली जाते. दादाला मी दोषी मानत नाही. औषध देताना तीव्रता न विचारणारा दुकानदार मला दोषी वाटतो, आणि चिठ्ठीवर नुसते 16 लिहून बाटली की रिफिल हे न लिहिणारे डॉक्टरही.

तुम्ही दुकानात परत जा आणि 40 ची बाटली मागा, किंवा त्या रिफिलला बसणारे त्याच कंपनीचे पेन आणि सुया घ्या. बदल कायमचा करणार असाल तर डॉक्टरांना आधी विचारा आणि चिठ्ठीवर तीव्रता व साधन दोन्ही लिहून घ्या. काही कंपन्या लेबलवर रंगांची पट्टी देतात, आर ला पिवळी, एन ला हिरवी, 30/70 ला तपकिरी अशी पद्धत प्रचलित आहे, पण सर्व कंपन्या आणि नवी औषधे ती पाळतीलच असे नाही, म्हणून रंग पाहून आकडा वाचणे टाळू नका. मी लिहिलेले केवळ ओळखण्याबाबत आहे, वडिलांची मात्रा मी सुचवत नाही.

तुम्ही प्रश्न टाकण्यापूर्वीच एखादी मात्रा त्या रिफिलमधून दिली असेल, तर साखर लगेच तपासा. ते शुद्धीवर असून गिळू शकत असतील तर साखर किंवा ग्लुकोज द्या आणि त्यांना एकटे न ठेवता रुग्णालयात न्या. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. मिश्र इन्सुलिनचा परिणाम जवळपास दिवसभर टिकतो, त्यामुळे एकदा आकडा चांगला आला म्हणून रुग्णालयातून घाईने परत आणू नका. रिफिल आणि वापरलेली सिरिंज दोन्ही सोबत न्या आणि तिथल्या डॉक्टरांना 100 चे औषध लाल टोपीच्या सिरिंजने दिले गेले, हे पहिल्याच वाक्यात सांगा.