पावसाळी शायांची नावं: आधी वाळलेली रेघ बघा

प्रश्न: "आम्ही ठाण्यात घरीच फाउंटन पेनच्या चार शाया बनवल्यात. थीम पावसाळी आभाळ आणि ओली माती. एक राखाडी, एक निळसर करडी, दोन तपकिरी. 'मॉन्सून ग्रे', 'मृद्गंध' अशी नावं डोक्यात आहेत. नक्की कशी करावीत?"

बाटलीकडे बघून नाव ठेवू नका. ओली शाई गडद दिसते आणि वाळली की उतरते, पण गिऱ्हाईक वर्षभर वाळलेलीच रेघ बघणार असतं. साध्या वहीवर फाइन निबने चार ओळी लिहा, ब्रॉडने चार, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी बघा. जुलैत आपल्याकडे कागद दमट होतो आणि शाई पसरते, म्हणून बंद डब्यातला कोरडा कागद घ्या.

आता राखाडी. ती बहुधा दोन-तीन रंग मिसळून केली असेल. टिश्यूवर एक थेंब टाका, कडेला पाण्याचा थेंब सोडा आणि कोणता रंग बाहेर पळतो ते बघा. जांभळट कड सुटली तर ब्रॉड निबमध्ये ती छटा डोकावणार, आणि 'मॉन्सून ग्रे' तिच्याबद्दल काहीच सांगत नाही. ते नाव कुठल्याही राखाडीला चालेल. येऊरवर ढग टेकतात तेव्हाचा सपाट, फिका उजेड म्हणजे 'मळभ'. मुंब्र्याच्या डोंगरामागून काळं भरून येतं तो 'झाकोळ'. फाइन निबमध्येही रेघ ठसठशीत उमटत असेल तरच 'झाकोळ' म्हणा. नाहीतर लोक गडद शाईच्या आशेने घेतील आणि अक्षरं पुसट निघतील. निळसर करडीत एकाच अक्षरात फिकट-गडद उतार पडत असेल, तर तिला 'उघडीप' शोभेल.

'मृद्गंध' मात्र मी सोडेन. हे नाव वाचलं की माणूस झाकण उघडून वास घेणारच, आणि येणार तो प्रिझर्व्हेटिव्हचा. त्यावर उपाय म्हणून मातीचं अत्तर घालायच्या फंदात पडू नका. ते तेलकट असतं, पाण्याच्या शाईत मिसळत नाही, वर तरंगतं आणि फीडमध्ये अडकून प्रवाह बिघडवतं.

तपकिरी शायांसाठी जवळची माती बघा. खाडीकाठचा ओला गाळ काळपट करडा असतो. तुमच्यातली गार, मळकट तपकिरी तशी असेल तर 'खाजण' ठेवा, ठाणे-नवी मुंबईकरांना ते लगेच ओळखीचं वाटेल. दुसरी लालसर असेल तर ती आपल्या खाडीची नाही, खाली कोकणातल्या 'जांभ्या'ची.

'झड' किंवा 'मुसळधार' असं काही ठेवायचा मोह झाला, तर वाळलेल्या ओळीवर पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवून टिपा. अक्षर वाहून गेलं तर ते नाव नको, कारण लोक ती पाण्यात टिकणारी शाई समजतील. वाळलेल्या ओळींचे दिवसाच्या उजेडातले फोटो टाकलेत, तर प्रत्येक छटेवर नीट बोलता येईल.