वहिनी आल्या, आता गप्पा बंद

‘लग्नाला तीन वर्षं झाली. नवऱ्याच्या कॉलेजच्या मित्रांना मी आवडत नाही आणि ते लपवतही नाहीत. मी दिसले की “वहिनी आल्या, आता गप्पा बंद” म्हणून हसतात. गेले नाही तर “तिला आम्ही नकोच” म्हणतात. घरी आल्यावर आमचं भांडण ठरलेलं. जाऊ की नको?’

जवळपास हेच गाऱ्हाणं घेऊन नाशिकचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तो अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर, ती धुळ्याची, बँकेत नोकरीला. मित्रमंडळींची रविवारी सकाळी मिसळ ठरलेली आणि अधूनमधून गिरणाऱ्याकडे एकाच्या शेतावर दुपारचं जेवण.

ती सांगत होती, तो मान खाली घालून ऐकत होता. मी त्याला एकच विचारलं, ‘अलीकडे मित्रांना ज्या ज्या गोष्टीला नाही म्हणालात, तेव्हा कारण काय दिलंत?’ बराच वेळ गेला. मग हळूहळू बाहेर आलं. मित्रांनी मिळून प्लॉट घ्यायचं ठरवलं होतं. याच्या डोक्यावर घराचा हप्ता, पैसे नव्हते. ते सांगायची लाज वाटली म्हणून ‘घरी नको म्हणतात’ म्हणाला. रात्रीच्या बैठकांचा याला स्वतःलाच कंटाळा आला होता, पण तिथेही ‘हिला आवडत नाही’. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मित्रांच्या लेखी मात्र तीन वर्षं तीच एकेक गोष्ट बंद पाडत होती.

माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत हे वारंवार निघतं. प्रत्येक वेळी हेच असतं असं नाही. कधी मित्रांना आधीची मैत्रीण जवळची असते, कधी कंपूत नवा माणूसच नको असतो. पण आधी हे तपासून पाहावं, कारण याचा उपाय फक्त नवऱ्याच्या हातात असतो. त्याने दोघा जवळच्या मित्रांना एकेकटं गाठून सांगितलं, ‘प्लॉटला मीच नको म्हणालो, पैसे नव्हते. तिचं नाव उगाच पुढे केलं.’ ग्रुपवर टाकू नका असं मी बजावलं होतं. तिथे त्याचाही विनोद झाला असता.

दुसरं, टोमणा आला की उत्तर त्याने द्यायचं. तिने दिलं की ‘वहिनींना लगेच राग येतो’ हे सिद्ध होतं. ‘ए, तिला मी बोलावलंय’ एवढंच म्हणायचं आणि विषय बदलायचा. माझ्यासमोर सराव करतानाही तो आधी ओशाळं हसायचा. ती पटकन म्हणाली, ‘हेच! टोमण्यापेक्षा मला हे हसणंच जास्त लागतं.’

तिच्याकडूनही एक सवय सोडवायची होती. दर वेळी ती घरून डबे भरून न्यायची, सगळ्यांची ताटं उचलायची आणि मनात हिशेब मांडायची, ‘एवढं करूनही यांचं हे असं!’ मनातली अढी इथेच पक्की होत होती. ते थांबवलं. मिसळीला तिने जायचंच नाही, ती त्याची. शेतावर जायचं ते स्वतःच्या स्कूटरवरून आणि जेवण झालं की निघणार हे आधीच सांगून. मग लवकर उठणं हा निषेध ठरत नाही आणि बसणं ही शिक्षा होत नाही. शिवाय परतीच्या वाटेवरचं भांडणही टळतं! तिथे एकाची बायको तिच्याशी नीट बोलायची, तिच्याजवळ बसायचं. जो सगळ्यात तिरकस, त्याची मर्जी मिळवायला जायचं नाही.

बोलणं दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी. घडलं काय आणि मला वाटलं काय, हे तिने वेगवेगळं सांगायचं. ‘त्याने माझ्याकडे न बघता पाणी दिलं’ हे घडलं. ‘मला हिणवलं’ हा अंदाज. त्याने ऐकायचं. ‘अगं, तो तसाच आहे’ या वाक्याला बंदी.

काही महिन्यांत दोन मित्र निवळले. तिरकस होता तो अजून तसाच आहे. ती त्याला नमस्कार करते आणि पुढे जाते.

शुक्रवारपासूनच तुम्ही मनात उत्तरं जुळवू लागलात, किंवा नवरा आमंत्रणं लपवू लागला, तर एक-दोन बैठका सरळ टाळा. बोलणं जात, माहेर, रंग किंवा मूल यांवर गेलं, तर तो टोमणा नव्हे, अपमान आहे. तिथून त्याने तुमच्यासोबत उठायला हवं. आणि सांगूनही तो त्यांच्यात सामील होऊन हसत असेल, तर जाणं बंद करा आणि दोघं मिळून समुपदेशकाकडे या. मग प्रश्न मित्रांचा उरलेला नसतो.

तोवर, पुढच्या बैठकीआधी त्याला शांतपणे विचारा, ‘माझं नाव सांगून तू त्यांना कशाकशाला नाही म्हणाला आहेस?’ जायचं की नाही, ते त्याच्या उत्तरानंतर ठरवा.