ढगांनी खाल्लेले दिवस आणि पेरणी-काढणीची तारीख

प्रश्न : मी भूगोलात एम.एस्सी. करते आहे. सेंटिनल-२ उपग्रहाच्या एनडीव्हीआयवरून, म्हणजे हिरवेपणाच्या निर्देशांकावरून, पेरणी-काढणीच्या तारखा काढण्याचा प्रकल्प केला. ढगाळ दिवस वगळून `savgol_filter` लावला, आलेख छान गुळगुळीत आला. मुलाखतीत विचारलं, "ही तारीख खरी कशावरून?" मी गप्पच बसले. या क्षेत्रात नोकरी हवी तर आधी काय पक्कं करू?

उत्तर : आधी ते "वगळून" तपासा. `savgol_filter` दिवस मोजत नाही, बिंदू मोजतो. ढगाळ नोंदी नुसत्या काढून टाकल्या की पस्तीस दिवसांची पोकळी त्याला पाच दिवसांचीच वाटते. म्हणून पाच-पाच दिवसांची चौकट कायम ठेवा. ढगाळ दिवसांना शून्य वजन देऊन व्हिटकर ही गुळगुळीत करण्याची पद्धत वापरलीत, तर पोकळी पस्तीस दिवसांचीच धरली जाते.

आता एक शेत घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत. विसाव्या दिवशी एनडीव्हीआय 0.18, मग सलग ढग, थेट पंचावन्नाव्या दिवशी 0.52, पुढे शिखर 0.80. वाढीच्या वीस टक्क्यांची पातळी, म्हणजे साधारण 0.30, हा हंगामाचा आरंभ मानू. सरळ रेषेने जोडलं तर बत्तिसावा दिवस येतो. पण पीक सुरुवातीला हळू आणि मग झपाट्याने वाढतं, त्यामुळे खरा दिवस बहुधा त्यानंतरचा. अशा वेळी एकच तारीख सांगू नका, वीस ते पंचावन्न ही कक्षा सांगा. शिवाय उपग्रहाला पेरणी दिसत नाही, उगवून हिरवी झालेली जमीन दिसते. पेरणी त्याच्याही आधीची, आणि किती आधीची हे पिकावर अवलंबून असतं.

काढणीत वेगळाच घोळ होतो. दिवस 110 ला 0.62, 115 ला 0.05, 120 ला 0.58, 125 ला 0.24, 130 ला 0.22. त्यातला 0.05 हा ढग ओळखून वगळणाऱ्या मुखवट्यातून निसटलेला ढग, कारण पुढच्याच नोंदीत मूल्य परत वर आलं. निळ्या पट्ट्यातलं परावर्तन पाहा. ढग असेल तर त्या एका दिवशी ते शेजारच्या दिवसांपेक्षा ठळकपणे जास्त दिसेल. 125 ची घसरण मात्र टिकली, ती काढणी. ढगामुळे एनडीव्हीआय खालीच जातो, म्हणून खालचे बिंदू वर ओढणारी पद्धत बरेच जण सर्रास लावतात. तिने 0.05 दुरुस्त होतो खरा, पण 0.24 सुद्धा वर ओढला जातो आणि काढणी उशिराची दिसते. माझं स्पष्ट मत आहे : परत वर येणारे खड्डेच दुरुस्त करावेत, टिकलेली घसरण तशीच ठेवावी आणि काढणी मूळ बिंदूंवरून 120 ते 125 च्या दरम्यान अशी वाचावी.

प्रकल्प या पद्धतीने पुन्हा करा. आलेखावर गुळगुळीत रेषेखाली मूळ बिंदू दिसू द्या, ढगाळ पट्टे राखाडी करा आणि ज्या थोड्या शेतांच्या खऱ्या तारखा शेतकऱ्यांकडून मिळतील, त्यांच्याशी किती दिवसांचा फरक पडतो ते लिहा. मुलाखतीला जाताना हा आलेख सोबत न्या.