एनडीटीच्या मराठीत 'दोष' कुठे लिहायचा आणि कुठे नाही

"आमच्या इन्स्पेक्टर लोकांसाठी एनडीटीची कार्यपद्धती मराठीत करतेय. डाय पेनिट्रंट, मॅग्नेटिक पार्टिकल, अल्ट्रासॉनिक फ्लॉ डिटेक्शन यांना काय म्हणायचं? आणि इंडिकेशन, फ्लॉ, डिफेक्ट या सगळ्यांना सरसकट 'दोष' लिहिलं तर चालेल का?"

चाचण्यांची नावं हा सोपा भाग आहे, कारण शॉपमधे सगळे डीपी, एमपी, यूटी असंच म्हणतात आणि म्हणत राहणार. शीर्षकात एकदा मराठी नाव द्या आणि पुढे तीच अक्षरं वापरा. फक्त एनडीटीला 'अविनाशी चाचणी' करू नका, त्यातून चाचणीच अमर आहे असं वाटतं! 'वस्तू न बिघडवता केलेली तपासणी' हे लांब आहे पण खरं आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न मात्र महत्त्वाचा, आणि उत्तर आहे नाही, अजिबात चालणार नाही. डोळ्याला किंवा स्क्रीनवर जे दिसतं ते इंडिकेशन, त्याला मी 'खूण' म्हणेन. धातू जिथे सलग नाही ती डिसकंटिन्युइटी, त्याला आपल्याकडे 'खंड' हा आयता शब्द आहे, खंड पडणे म्हणतो ना तोच, 'सातत्यभंग' वगैरे घडवायची गरज नाही. आणि तो खंड स्वीकृतीच्या निकषात बसत नाही असं ठरलं की मग तो 'दोष'. फ्लॉ हा शब्द मधला आहे, म्हणजे पद्धतीला सापडू शकेल असा खंड, पण तो नाकारण्यासारखा असेलच असं नाही. म्हणून फ्लॉ डिटेक्टरला 'दोषशोधक' म्हणू नये, मशीन दोष शोधत नाही, दोष इन्स्पेक्टर ठरवतो. मशीनचं नाव आहे तसंच राहू द्या.

हा काथ्याकूट वाटेल म्हणून एक उदाहरण घेऊ. प्रेशर व्हेसलच्या नॉझल वेल्डवर डीपी केलीय, पांढऱ्या डेव्हलपरवर दोन लाल खुणा उमटल्यात. एक गोल, ३ मिमीची. दुसरी वेल्डच्या कडेला, ६ मिमी लांब आणि १ मिमी रुंद. एएसएमई कोडच्या सेक्शन ८, डिव्हिजन १ च्या परिशिष्ट ८ प्रमाणे लांबी रुंदीच्या तिपटीपेक्षा जास्त असली की खूण रेषीय, नाहीतर गोल, आणि १.५ मिमीपेक्षा मोठी असेल तरच ती विचारात घ्यायची. विचारात घेण्याजोगी रेषीय खूण एकही चालत नाही, गोल खूण ५ मिमीपर्यंत चालते (चार किंवा जास्त गोल खुणा एका ओळीत जवळजवळ असल्या तर वेगळा नियम आहे, तो इथे नको). म्हणजे ३ मिमीची गोल खूण खरी आहे, खालचा खंडही खरा आहे, तरी दोष नाही. आता तुमच्या कागदात सगळीकडे 'दोष' असेल तर इन्स्पेक्टरला लिहावं लागेल 'दोष आढळला, स्वीकृत', आणि हे वाचून क्लायंट काय म्हणेल ते तुम्हीच बघा.

रेषीय खुणेचाही लगेच दोष होत नाही. वेल्डच्या कडेला अंडरकट असेल तर त्या खाचेत रंग नीट पुसला न गेल्यानेही तशीच रेघ उमटते. शंका असली तर जागा साफ करायची, गरज पडली तर हलकं ग्राइंडिंग करून परत डीपी करायची, खूण परत आली तर मग ती खरी. आणि इथे सगळ्यात मोठी गोम आहे, मोजायची असते ती खूण, खालची भेग नाही. रंग बाहेर येऊन पसरतो त्यामुळे खूण भेगेपेक्षा मोठी असू शकते, तरी कोडमधे निर्णय खुणेच्या मापावरच होतो. तुम्ही इंडिकेशनला 'भेग' लिहिलंत तर कोणीतरी भिंग घेऊन खालची बारीक भेग मोजेल आणि १.५ च्या आत आहे म्हणून सोडून देईल.

डीपीतली क्रियापदं पण जपून निवडा. पेनिट्रंटला 'भेदक' म्हणतात पण तो काही भेदत बिदत नाही, आधीच पृष्ठावर उघड्या असलेल्या फटीत शिरतो, म्हणून मी 'शिरणारा रंग' लिहीन. ड्वेल टाइमला 'मुरण्याचा वेळ', यापेक्षा चांगला शब्द मिळणार नाही. सॉल्व्हंटने काढायच्या प्रकारात जादा रंग 'पुसा' असं लिहा, 'धुवा' नको. आधी कोरड्या कापडाने, मग सॉल्व्हंटने ओलसर केलेल्या कापडाने, सॉल्व्हंट थेट जॉबवर मारायचाच नाही, कारण फटीतला रंगही निघून जातो आणि पृष्ठ एकदम स्वच्छ दिसतं. पाण्याने काढायच्या प्रकारात 'धुवा' बरोबर. डेव्हलपरला 'विकासक' केलंत तर लोक बिल्डर समजतील, तो डेव्हलपरच राहू द्या.

एमपीला 'चुंबकीय कण चाचणी' म्हणायला हरकत नाही, पण एक ओळ टाका की कण म्हणजे बारीक लोहचूर्ण, ते स्वतः चुंबक नसतात. भेगेपाशी चुंबकक्षेत्र पृष्ठाबाहेर येतं तिथे ते जमतात. याला 'चुंबकीय गळती' लिहाल तर लीक टेस्टशी घोळ होईल. आणि 'आडवी भेग' असं मोघम नको, कशाला आडवी ते सांगा, वेल्डला की चुंबकरेषांना. चुंबकरेषांना समांतर भेग साधारणपणे दिसतच नाही, म्हणून योक एकदा लावून मग जवळपास काटकोनात फिरवून परत लावतात. शब्द मोघम राहिला की इन्स्पेक्टर योक दोन्ही वेळेला एकाच दिशेत लावतो, आणि अहवाल अगदी छान येतो.

यूटीसाठी 'स्वनातीत' नको, तो ध्वनीपेक्षा वेगवान विमानाचा शब्द आहे. इथे वेग नाही, वारंवारता जास्त आहे, कानाला ऐकू येण्यापलीकडची, म्हणून 'श्राव्यातीत' बरोबर, पण बोलताना अल्ट्रासॉनिकच. बॅकवॉल इकोला 'तळाचा प्रतिध्वनी' लिहू नका, प्रोब खालून लावला तर तळ कुठला? 'पलीकडच्या पृष्ठाचा प्रतिध्वनी' लिहा. २५ मिमीच्या प्लेटवर सरळ प्रोबने १६ मिमीला प्रतिध्वनी आला आणि पलीकडचा खाली बसला तर मधे काहीतरी परावर्तक आहे एवढंच नक्की, तो लॅमिनेशन आहे की दुसरं काही, ते प्रोब फिरवून त्याचा पसारा बघून ठरतं. मधे काहीच आलं नाही आणि पलीकडचाही गायब झाला, तर आधी कपलंट बघा, तो ठीक असेल तर तिरका खंड असू शकतो, जो ध्वनी भलतीकडे फेकतोय.

त्यामुळे अहवालाच्या नमुन्यात 'जॉब निर्दोष आहे' हे वाक्य ठेवूच नका. पद्धत, कुठल्या बाजूने आणि कुठल्या दिशेत तपासलं ते लिहून पुढे 'नोंद घेण्याजोगी खूण आढळली नाही' असं लिहा, आणि शेवटी वेगळा रकाना ठेवा, 'स्वीकृत' किंवा 'दोष, नाकारलं'.