बारावीच्या इंग्रजीवर मिळालेली सवलत कुठवर चालते?

प्रश्न: माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. बारावीला इंग्रजीत ७८ गुण आहेत, म्हणून ब्रिटनच्या एका विद्यापीठाने एमएस्सीसाठी आयईएलटीएस माफ केली. व्हिसाला तरी परीक्षा लागेल का? माझा भाऊ इथेच इंग्रजी माध्यमातून बीई झाला आहे. त्याला तिथे नोकरीची ऑफर आहे. कॉलेजच्या माध्यमाच्या पत्रावर त्याचं काम होईल, असं एजंट म्हणतो. खरं आहे का?

उत्तर: तुमचं काम होईल. भावाचं नुसत्या त्या पत्रावर होणार नाही.

पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्याचं इंग्रजी स्वतः तपासण्याचा अधिकार ब्रिटनच्या नियमांनी तिथल्या विद्यापीठांना दिला आहे. मात्र त्या विद्यापीठाचा नियमपालनाचा इतिहास चांगला असावा लागतो. तुमचे बारावीचे गुण विद्यापीठाने याच अधिकारात ग्राह्य धरले आहेत. म्हणून व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशनिश्चितीचा दाखला, म्हणजे 'कॅस', हातात आला की आधी त्यातली इंग्रजीची नोंद वाचा. विद्यापीठाने स्वतः पडताळणी केली, असं तिथे स्पष्ट हवं. ते नसेल तर व्हिसाचा अर्ज भरण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या. ऑफर लेटरमधला उल्लेख पुरेसा नाही.

ही पडताळणी त्या विद्यापीठाची, त्या प्रवेशापुरती आहे. उद्या दुसरं विद्यापीठ निवडलंत तर ते परीक्षा मागू शकतं. पदवीच्या खालच्या फाउंडेशन कोर्सला तर हा अधिकारच नाही, तिथे मान्यताप्राप्त परीक्षा द्यावीच लागते. शिवाय व्हिसा अधिकारी मुलाखत घेऊ शकतात, आणि ती इंग्रजीतच होते.

भावाचा मार्ग नोकरीच्या, म्हणजे स्किल्ड वर्कर व्हिसाचा. तिथे मालक कंपनीला इंग्रजी माफ करण्याचा अधिकार नाही. शाळा-कॉलेजचं माध्यमही आपोआप चालत नाही, कारण इंग्रजीभाषक बहुसंख्य देशांच्या ब्रिटनच्या यादीत भारत नाही. पण त्याची बीई वाया जाणार नाही. परदेशी पदव्या तपासणाऱ्या 'एक्टिस' या संस्थेकडून दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी लागते: पदवी ब्रिटिश बॅचलरच्या तोडीची आहे आणि ती इंग्रजीतून शिकवली गेली. कॉलेजचं पत्र इथे उपयोगी पडतं, पण एक्टिसकडे जोडायचा पुरावा म्हणून. ते नको असेल तर परीक्षा द्यावी. ८ जानेवारी २०२६ पासून या व्हिसाला पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला इंग्रजीची बी-२ पातळी लागते, बोलणं, ऐकणं, वाचणं, लिहिणं या चारही अंगांत. साधी आयईएलटीएस अकॅडमिक नव्हे, ब्रिटनच्या व्हिसा खात्यासाठीची, म्हणजे 'यूकेव्हीआय'साठीचीच परीक्षा हवी. निकाल दोन वर्षं चालतो.

एजंटने "पत्र मी करून देतो" म्हटलं तर तिथेच थांबा, हे मी कळकळीने सांगतो. खोटा कागद जोडल्याचं उघड झालं तर अर्ज तर फेटाळला जातोच, वर दहा वर्षांची प्रवेशबंदी येऊ शकते. पत्र रजिस्ट्रारच्या सहीचं, शिक्क्याचं आणि विद्यापीठाला थेट विचारून पडताळता येईल असंच घ्या.

तुमची एमएस्सी ब्रिटनमध्येच पूर्ण झाली, की पुढे नोकरीच्या व्हिसासाठी तीच पदवी इंग्रजीचा पुरावा ठरेल. तेव्हा तुम्हाला ना परीक्षा लागेल, ना एक्टिस.