गाडी आत्ता घेऊ की एक पावसाळा काढून मग?

प्रश्न: मी गोव्यातल्या डिचोलीची, ९ वर्षं एका हॉटेलच्या ट्रॅव्हल डेस्कवर काम केलं, आता स्वतःची टूर एजन्सी काढतेय. साठवलेले ९ लाख आहेत. ६ लाख भरून २० लाखांची टेम्पो ट्रॅव्हलर घेऊ का? हप्ता ३० हजार पडतोय. की दुसऱ्यांच्या गाड्यांवर धंदा करू? घर नवऱ्याच्या पगारावर चालतं.

ताई, आत्ता गाडी घेऊ नका. गाडी वाईट म्हणून नाही, तर गाडीचा हप्ता बारा महिने चालतो आणि आपल्याकडचा सीझन तेवढा चालत नाही म्हणून.

हप्ता ३० हजार, ड्रायव्हरचा पगार १८ हजार धरा, आणि इन्शुरन्स, टॅक्स, पासिंग, परमिट, टायर हे सगळं वर्षाचं काढून बारानं भागलं तर ८ हजार तरी येतात, म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी महिन्याला ५६ हजार, वर्षाला ६ लाख ७२ हजार. आता कमाई. पीक सीझनचं जास्तीचं भाडं पकडून दिवसाला सरासरी ६ हजार मिळाले आणि डिझेल, पार्किंग, भत्ता जाऊन ३,५०० उरले असं समजू, तर नुसता खर्च भरून निघायला वर्षात १९२ दिवस गाडी फिरायला हवी. तुमच्यासारख्या नवीन एजन्सीला डिसेंबर-जानेवारीत महिन्याला २२ दिवस मिळतील, नोव्हेंबर-फेब्रुवारीत १६, ऑक्टोबर, मार्च, एप्रिल, मेमध्ये १४, आणि जून ते सप्टेंबर महिन्याला ५. बेरीज केली तर १५२. चाळीस दिवस कमी, म्हणजे १ लाख ४० हजारांचा खड्डा, आणि तो नेमका पावसात पडतो, जेव्हा कुळ्यातून दूधसागरला जाणाऱ्या जीप बंद असतात आणि समुद्रातल्या बोटीही बंद असतात. हेच १५२ दिवस दुसऱ्याची गाडी ६ हजारात घेऊन ७ हजारात दिली तर १ लाख ५२ हजार तुमच्या हातात राहतात, आणि पावसात कोणाचा हप्ता भरायचा नाही. हे आकडे माझ्या अंदाजाचे, तुमचा भाव वेगळा असेल तर तो घालून बघा, पण गणित असंच मांडा.

दुसऱ्या गाडीवाल्यांशी टाय-अपमध्ये खरी अडचण एकच, २४ डिसेंबर ते २ जानेवारी. त्या दहा दिवसांत गाडीवाल्याला जास्त देणारा कोणी भेटला की तुमचा फोन लागत नाही. म्हणून एका मालकावर राहू नका, तीन धरा, आणि ऑक्टोबरातच ह्या दहा दिवसांचा वेगळा भाव ठरवून, थोडा अ‍ॅडव्हान्स देऊन, कागदावर घ्या की गाडी बिघडली किंवा आली नाही तर बदली गाडी त्यानं द्यायची आणि भावातला फरकही त्यानंच सोसायचा. पिवळी नंबरप्लेट, परमिट आणि इन्शुरन्स चालू आहे ना, ते स्वतः बघा. पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीतून भाड्यानं पाहुणे नेले आणि अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी क्लेम नाकारू शकते. तुमचं स्वतःचं पर्यटन खात्याकडचं रजिस्ट्रेशनही आधी करून घ्या, १९८२ च्या कायद्याखाली ते लागतं.

आता कमिशन, कारण माझ्या मते नवीन एजन्सीचे पैसे इथंच गळतात. समजा पुण्याचा १२ जणांचा ग्रुप आला, चार दिवस, माणशी ९ हजार, एकूण १ लाख ८ हजार. हॉटेल ६० हजार, गाडी २४ हजार, बोट-एंट्री ८ हजार, म्हणजे खर्च ९२ हजार आणि उरले १६ हजार. बरं वाटतं ना? पण हा ग्रुप ज्या पुण्याच्या एजंटनं पाठवला त्याचं १० टक्के कमिशन तो पूर्ण पॅकेजवर धरतो, तुमच्या मार्जिनवर नाही, ते झाले १०,८००. जीएसटी लागू झाला असेल तर टूर ऑपरेटरला ५ टक्के पूर्ण बिलावर लागतो आणि इनपुट क्रेडिट मिळत नाही. पाहुण्याला जीएसटी धरूनच भाव सांगितला असेल तर त्यातून ५,१४३ जातात. उरले ५७ रुपये! चार दिवस फोन तुम्ही उचलायचा, रात्री बाराला एसी बंद पडला म्हणून हॉटेलशी भांडायचं तुम्हीच, आणि शेवटी हातात ५७.

म्हणून भाव सांगताना एजंटचा भाव आणि थेट पाहुण्याचा भाव वेगळा ठेवा आणि जीएसटी वरून लावा. आणि जीएसटी लागू व्हायची २० लाखांची जी मर्यादा आहे ती तुमच्या नफ्यावर नाही, पूर्ण बिलांच्या बेरजेवर, म्हणजे असे १९ ग्रुप केले की तुम्ही पार. हॉटेलनं बिल थेट पाहुण्याला दिलं आणि तुम्ही फक्त कमिशन घेतलं तर १८ टक्के लागतात, पण ते त्या कमिशनवरच. कुठलं काम कुठल्या पद्धतीनं करायचं ते सीएसोबत बसून आधी ठरवा, मार्चमध्ये नाही.

कॅन्सलेशनबद्दल फोंड्याच्या माझ्या एका क्लायंटचं सांगते. त्यांच्या पत्रकात छापलेलं होतं, सात दिवस आधी कळवलं तर पूर्ण पैसे परत. हॉटेलची ख्रिसमसची अट होती की ३० दिवसांच्या आत रद्द केलं तर काही मिळणार नाही. ग्रुपनं दहा दिवस आधी रद्द केलं. ह्यांनी पाहुण्यांचे ५४ हजार अ‍ॅडव्हान्स परत दिले, हॉटेलला गेलेले ६० हजार आणि गाडीला दिलेले ८ हजार बुडाले. एका ग्रुपमागे १६ हजार धरले तर चार ग्रुपची मेहनत गेली. चूक पाहुण्यांची नव्हती, चूक दोन तारखांची होती. तुमच्या पाहुण्याची तारीख नेहमी हॉटेलच्या तारखेच्या पाच दिवस आधी असायला हवी, हॉटेल ३० म्हणतं तर तुम्ही ३५ म्हणा, आणि त्या ३५ व्या दिवसापर्यंत पाहुण्याकडून इतकं जमा झालेलं असू दे की हॉटेलचं देणं त्यातून निघावं. रेड अलर्टमुळे दूधसागर बंद झाला तर काय, हेही लिहा: पैसे परत की दुसरं ठिकाण.

आणि अ‍ॅडव्हान्ससाठी वेगळं खातं उघडा. नोव्हेंबरात त्या खात्यात दोन-तीन लाख दिसतील आणि वाटेल आपण कमावले, पण ते हॉटेलचे आणि गाडीवाल्याचे आहेत. ग्रुप चेकआउट करून गेला, सगळ्यांची देणी दिली, की उरलेले तेवढेच स्वतःच्या खात्यात ओढा.

पावसाचे चार महिने मोकळे बसायची गरज नाही, फक्त उलट दिशेनं बघा. तेव्हा गोवेकराला बाहेर न्या, आषाढीला पंढरपूर, मधल्या शनिवार-रविवारी कोल्हापूर-नरसोबाची वाडी. ह्यात पुण्याचा एजंट नाही, ओळखीतली माणसं, अ‍ॅडव्हान्सही लवकर देतात. चवथीच्या आठवड्यात मात्र काही ठरवू नका, घर सोडून कोणी येत नाही आणि ड्रायव्हरही मिळत नाही.

९ लाखांचं असं करा: ३ लाख घरासाठी, हात लावायचा नाही. १ लाख ऑफिस, रजिस्ट्रेशन, जाहिरात. २ लाख खेळतं भांडवल, हॉटेल-गाडीच्या अ‍ॅडव्हान्ससाठी. ३ लाख एफडीत. आणि एक वही घाला, त्यात रोज फक्त एक गोष्ट लिहा, आज १४ सीटची गाडी लागली का, किती भाड्यानं दिली. पुढच्या सप्टेंबरात त्यात १९२ च्या वर दिवस निघाले तर मीच तुम्हाला सांगेन की गाडी घ्या, आणि तेव्हा बँकेसमोर ठेवायला तुमच्याकडे स्वतःचे आकडे असतील.